आंबेनळी घाट दोऱ्याने मोजला, चार किलोमीटर गेले कुठे?

प्रश्न: सर, अकरावीच्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी मी टोपोशीटवर पोलादपूर ते महाबळेश्वर रस्ता दोऱ्याने मोजला. एकदा 35 किमी आले, एकदा 36. नकाशाखालच्या पट्टीवर लावून बघितलं तर 33. गाडीच्या मीटरवर मात्र 40 पडतात. बाबा म्हणतात चढामुळे फरक पडतो, नकाशा सपाट असतो ना. खरं काय? आणि वहीत कोणता आकडा लिहू?

उत्तर:

बाबांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण ते पटकन पटतं आणि म्हणूनच सगळे तेच सांगतात. नकाशावर आडवं अंतर असतं, रस्ता मात्र चढतो, हे बरोबरच आहे. पण चढाने किती फरक पडतो ते एकदा मांडून बघा. महाबळेश्वर साधारण 1,370 मीटरवर आहे आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, खाली. सोयीसाठी 1,300 मीटरचा चढ धरू. तो 40 किमीमध्ये सारखा पसरला असता तर रस्त्याची लांबी वीस-एक मीटरनेच वाढली असती. आता मुद्दाम वाईट बाजूने हिशोब करू. सगळा चढ 20 किमीतच उरकला असं समजा:

√(20² + 1.3²) = 20.042

म्हणजे 42 मीटर. मध्ये रस्ता थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो, तेही धरलंत तरी आकडा शंभर मीटरच्या आसपासच राहील. तुमचे चार-पाच हजार मीटर चढाने खाल्लेले नाहीत. ते वळणांनी खाल्लेत, आणि त्यातले निम्मे तुमच्या बोटांखालून गेलेत.

मी सव्वीस वर्षं ही प्रात्यक्षिकं घेतली आणि हाच घाट मुलांना देत आलो. कारण साधं आहे. सरळ रेषेत पोलादपूर ते महाबळेश्वर अंतर 21 किमीच्या आसपास आहे आणि रस्ता जवळजवळ दुप्पट. जिथे रस्ता इतका वळतो तिथे दोरा लावणाऱ्याचा हात लगेच उघडा पडतो. पंढरपूर-सोलापूर रस्त्यावर कुणाचंही माप बरोबर येतं.

तुमचं 35 चं 33 कसं झालं ते आधी सांगतो, कारण ती चूक वेगळ्या जातीची आहे. पट्टीवर लावल्यावर दोन कमी झाले म्हणजे बहुधा तुम्ही रेषाप्रमाणाच्या अगदी डाव्या टोकापासून मोजलंत. टोपोशीटखालची पट्टी नीट बघा. शून्य डाव्या टोकाला नसतं. डावीकडचा पहिला भाग एका किलोमीटरचा असतो आणि त्याच्या मीटरमध्ये बारीक खुणा केलेल्या असतात. त्या भागाच्या उजव्या कडेला शून्य, आणि तिथून उजवीकडे 1, 2, 3 असे किलोमीटर. डाव्या टोकाला दोरा टेकवून उजवीकडचा आकडा वाचला की प्रत्येक वेळी एक किलोमीटर कमी भरतं. दोरा पट्टीवर सरकवताना तुमच्याकडून दोन वेळा असं झालं असेल तर दोन किलोमीटर. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तुकडीच्या बावीस वह्यांमध्ये सगळी उत्तरं बरोब्बर एकाच आकड्याने चुकलेली निघाली, तेव्हा मी मुलांना रागावलो. मग कळलं की फळ्यावर पट्टी काढताना शून्य मीच डाव्या टोकाला लिहिलं होतं.

पट्टी वाचायची पद्धत उलटीकडून आहे. दोऱ्याचं उजवं टोक अशा पूर्ण किलोमीटरच्या खुणेवर ठेवायचं की डावं टोक शून्याच्या डावीकडच्या बारीक भागात पडेल. उजवीकडे 4, डावीकडे 300, म्हणजे 4.3 किमी. बास.

1:50,000 च्या पत्रकावर 2 सेंटीमीटरला 1 किमी हे सगळ्यांना पाठ असतं, मग फूटपट्टीच का नको, असं मुलं विचारतात. मूळ छापील पत्रक हातात असेल तर खुशाल वापरा. पण कॉलेजात बहुतेकांच्या हातात झेरॉक्स असते, नाहीतर पीडीएफवरून घरी काढलेली प्रिंट. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ राहिलं की नकाशा लहान होतो आणि 2 सेमी म्हणजे 1 किमी हे खोटं ठरतं. सोबतची पट्टी मात्र तेवढीच लहान होते, म्हणून ती खरी राहते. अट एकच: पट्टी त्याच कागदावर, त्याच झेरॉक्समध्ये आलेली असावी. घाटाचा तुकडा वेगळा आणि पट्टीचा तुकडा वेगळा काढला असेल तर त्या पट्टीचा काही उपयोग नाही.

आता मूळ चोरीकडे वळू.

दोरा वळणावर ताणला की तो आतल्या बाजूला सरकतो. कायम आतच, बाहेर कधीच नाही. म्हणूनच ही चूक दोनदा, तीनदा मोजून सरासरी काढल्याने जात नाही. तुमचे 35 आणि 36 एकमेकांशी जुळतात म्हणून बरोबर आहेत असं समजू नका. दोन्ही वेळा दोरा एकाच बाजूला घसरलाय.

किती घसरतो, याचा हिशोब सोपा आहे आणि थोडा चकवणाराही. समजा रस्त्याच्या मध्यापासून दोरा 0.3 मिलिमीटर आत बसला. एवढी जाडी साध्या दोऱ्याचीच असते, डोळ्याला ती चूक दिसतही नाही. पूर्ण मागे फिरणाऱ्या वळणावर, ज्याला आपण हेअरपिन म्हणतो, तुम्ही अर्धवर्तुळ चालता. आतलं अर्धवर्तुळ मधल्यापेक्षा 3.14 × 0.3 म्हणजे 0.94 मिमीने लहान. जमिनीवर ते होतात 47 मीटर. गंमत अशी की या हिशोबात वळणाची त्रिज्या कुठे येतच नाही. वळण मोठं असो की चिमुकलं, दर अर्ध्या फेऱ्याला तेवढेच 47 मीटर जातात. त्यामुळे रस्ता किती लांब आहे यापेक्षा तो एकूण किती वळतो यावर तुमची चूक ठरते. अशी वीस वळणं झाली की जवळजवळ एक किलोमीटर गेला. त्यात हेअरपिन नसलेली, पण सारखी डावी-उजवी करणारी वळणं मिळवा. वाडा-कुंभरोशीच्या पुढे महाबळेश्वरकडे चढताना तीच जास्त आहेत.

यावर उपाय दोऱ्यापासून सुरू होतो. शिलाई मशीनचा पॉलिस्टरचा दोरा गुळगुळीत असतो, कागदावर टिकत नाही, आणि ओढला तर लांबतो. 70-75 सेंटीमीटरचा दोरा पट्टीवर जोरात ताणलात तर सेंटीमीटरभर सहज वाढेल, म्हणजे अर्धा किलोमीटर. ही चूक उलट्या दिशेची आहे. वळणावर गमावलेलं ती भरून काढते आणि कधीकधी दोन चुका मिळून अगदी ‘बरोबर’ उत्तर देतात. अशा उत्तराला परीक्षक मार्क देतो, पण पुढच्या रस्त्यावर ते पुन्हा येत नाही. दोरा सुती घ्या, बारीक, आणि काळा किंवा गडद निळा. या पत्रकांवर डांबरी रस्ता लाल असतो, समोच्च रेषा तपकिरी आणि जंगल हिरवं. लाल रस्त्यावर लाल दोरा टाकला की तो कुठे बसलाय ते कळत नाही. दोरा एकदा मेणबत्तीवरून ओढून घ्या आणि दोन बोटांत धरून जादा मेण पुसून टाका. मेणाने तो कागदाला थोडासा चिकटतो आणि दिलेला बाक धरून ठेवतो. ओला दोराही चिकटतो, पण नकाशाचा कागद फुगतो आणि सुती दोरा वाळताना आखडतो, म्हणून मी पाणी टाळतो.

सुरुवातीला गाठ मारू नका. गाठ सहज एक मिलिमीटरची होते, म्हणजे 50 मीटर. चार-पाच सेंटीमीटरचं शेपूट मोकळं सोडा आणि बॉलपेनने बारीक खूण करा. ती खूण पोलादपूरच्या फाट्यावर टेकवा आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखाने दाबून धरा. उजव्या हाताने पुढचा पाच-सहा मिलिमीटरचाच दोरा रस्त्यावर बसवा. बसला की नख तिथवर सरकवा, मग पुढचे पाच-सहा. सरळ भागात हे कंटाळवाणं वाटेल, तिथे लांब घास घ्यायला हरकत नाही. वळण आलं की दोरा ओढायचा नाही, ढिला सोडायचा आणि दातकोरणीच्या बोथट टोकाने बाहेरच्या बाजूला ढकलत लाल रेषेच्या मध्यावर आणायचा. बहुतेक मुलं इथे चुकतात, कारण दोऱ्याने मोजायचं म्हणजे दोरा ताणलेला हवा असं त्यांच्या मनात असतं. कागदावर तो ढिला हवा. पट्टीवर नेल्यावर सुरकुती जाईल इतकाच सरळ करायचा.

आणि सबंध रस्ता एका दमात मोजू नका. पट्टी थोड्याच किलोमीटरची असते. पाऊण मीटरचा दोरा तिच्यावर सात-आठ वेळा सरकवावा लागतो आणि प्रत्येक सरकवणीत खूण हलते. शिवाय मध्येच नख सुटलं तर सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी चार-पाच किलोमीटरचे तुकडे पाडा. तुकड्याची टोकं नकाशावर ठसठशीत दिसणारी घ्या: फाटा, पूल, गावातला चौक. प्रत्येक तुकडा मोजला की लगेच पट्टीवर वाचा आणि लिहून ठेवा. एखादा तुकडा संशयास्पद वाटला तर तेवढाच परत मोजता येतो.

या रस्त्याला आणखी एक अडचण आहे. तो दोन पत्रकांवर पसरलाय. पोलादपूर 47 G/5 वर येतं, प्रतापगड आणि महाबळेश्वर 47 G/9 वर. 73°30′ रेखावृत्तावर पहिलं पत्रक संपतं आणि दुसरं सुरू होतं. दोन झेरॉक्स चिकटटेपने जोडून मोजू नका. समास कापताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच आणि दोन झेरॉक्स एकाच मापाच्या असतील याची खात्री नसते. रस्ता कडेला जिथे भिडतो तिथेच एक तुकडा संपवा, त्या पत्रकाच्या पट्टीवर वाचा. दुसरा तुकडा दुसऱ्या पत्रकाच्या कडेपासून सुरू करा आणि त्याच्याच पट्टीवर वाचा.

आता माझाच हिशोब देतो. एकदा मुलांना दाखवायला म्हणून हा रस्ता मी आधी त्यांच्यासारखा, भराभर आणि दोरा ताणून मोजला. 70.6 सेंटीमीटर भरले, म्हणजे 35.3 किमी. तुमच्याच जवळपास. मग वर सांगितल्याप्रमाणे तुकडे करून, वळणावर दातकोरणी वापरून मोजला, तेव्हा 75.2 सेंटीमीटर, म्हणजे 37.6 किमी. नुसत्या सावकाशपणाने 2.3 किमी परत मिळाले, आणि त्यातले बहुतेक वाड्याच्या पुढच्या चढणीवर.

तरीही माझा हात थोडं चोरतोच. किती चोरतो ते शोधायची एक युक्ती आहे. शर्टाचं बटण कागदावर ठेवून पेन्सिलीने अर्धवर्तुळं काढा, एक वर, एक खाली, एकाला एक जोडून, अशी दहा. सापासारखी रेघ तयार होते. बटणाचा नाही, तर आखलेल्या वर्तुळाचा व्यास मोजा, कारण पेन्सिलीचं टोक बटणाच्या बाहेरून फिरतं. समजा व्यास 11 मिमी भरला. मग एक अर्धवर्तुळ 17.3 मिमीचं आणि दहा मिळून 173. ही रेघेची खरी लांबी, गणिताने मिळालेली. आता त्याच दोऱ्याने, त्याच हाताने ती रेघ मोजा. 168 आले तर तुमचा हात दर 173 मध्ये 5 गमावतो, म्हणजे नकाशावरचं माप 173 ÷ 168, जवळजवळ 1.03 ने गुणायला हवं. माझ्या हाताचं गुणक त्या दिवशी 1.02 आलं. 37.6 ला त्याने गुणलं की 38.35 किमी. हे गुणक वळणांच्या रस्त्यालाच लावायचं, सरळ रस्त्याला नाही. वेगळा दोरा घेतलात तर ते पुन्हा काढायला हवं.

मुलं याच्यावर एकदा तरी विचारतात की रोटामीटर का नाही वापरायचा. वापरा की. छोटं चाक फिरवत न्यायचं, तबकडीवर आकडा. लांब, सौम्य वळणांच्या रस्त्याला तो दोऱ्यापेक्षा लवकर आणि चांगला. पण हेअरपिनवर चाक जागच्या जागी वळवावं लागतं, तिथे ते घसरतं किंवा उचललं जातं. याही बाबतीत बटणाच्या रेघेवर आधी फिरवून बघा.

म्हणजे 38.35 आणि 40 मध्ये दीड-पावणेदोन किलोमीटर अजून उरतात. ते दोऱ्याने मिळणार नाहीत, कारण ते नकाशावर नाहीतच. 1:50,000 ला एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटर. घाटातलं 15 मीटर त्रिज्येचं वळण नकाशावर 0.3 मिमी त्रिज्येचं होतं, आणि रस्त्याची लाल रेघच त्याहून जाड असते. ते वळण जसंच्या तसं काढलं तर लाल ठिपका दिसेल. म्हणून नकाशा काढणारा दोनांपैकी एक करतो: मोठी हेअरपिन थोडी फुगवून दाखवतो, आणि मधली छोटी वाकडीतिकडी वळणं सरळ करून टाकतो. ही चूक नव्हे, त्या प्रमाणावर दुसरा इलाजच नाही. 1:25,000 चं पत्रक मिळालं तर तोच रस्ता तुम्हाला लांब भरेल आणि गावातल्या शालेय नकाशासंग्रहात मोजलात तर कितीतरी आखूड.

हे फक्त रस्त्याचं नाही. पुस्तकात भारताचा समुद्रकिनारा वर्षानुवर्षं 7,516 किमी लिहिला जायचा. अलीकडे सरकारी आकडा 11,098 किमी झाला. समुद्राने जमीन वाढवून दिली नाही. आधीचं माप फार लहान प्रमाणाच्या नकाशावरून घेतलं होतं, नवं 1:2,50,000 वरून घेतलं, आणि आधी सरळ रेषेत गडप झालेल्या खाड्या, भूशिरं आता मोजात आली. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला स्पेन-पोर्तुगाल सीमेची लांबी एका देशाच्या कागदात 987 किमी आणि दुसऱ्याच्या कागदात 1,214 किमी मिळाली होती. सीमा तीच.

नदी मोजायची वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोठी नदी टोपोशीटवर दोन काठांनी दाखवतात. दोरा काठाने नेऊ नका, दोन काठांच्या मधून न्या. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, तिथे डाव्या आणि उजव्या काठाचं माप वेगळं येणारच, कारण आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एक नसतं. दुसरं म्हणजे पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं, ते वहीत उतरवून घ्या. नदी वळण बदलते आणि धरणाच्या मागे तर मूळ पात्रच दिसत नाही.

गाडीच्या मीटरबद्दलही एक शब्द. तुमचे बाबा त्याला न्यायाधीश मानतायत, पण तोही चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर जास्त दाखवतो. एक टक्का चुकला तरी या रस्त्यावर 400 मीटर झाले. शिवाय तुम्ही मीटर शून्य कुठे केलात? पोलादपूरच्या महामार्गावर की एसटी स्टँडवर? आणि महाबळेश्वरला थांबलात ते बाजारपेठेत की हॉटेलच्या दारात? दोऱ्याची खूण आणि मीटरचं शून्य एकाच जागी नसतील तर तुलना करण्यात अर्थ नाही.

वहीत 35 किंवा 40 असा नुसता आकडा लिहू नका. पत्रकांचे क्रमांक, प्रमाण 1:50,000, सुरुवात आणि शेवट नेमका कुठून कुठे, प्रत्येक तुकड्याचं माप, बटणाच्या रेघेवरून काढलेलं तुमचं गुणक, आणि शेवटी ‘नकाशावरील अंतर सुमारे 38 किमी’. किलोमीटरच्या पुढचा दशांश लिहू नका. दोऱ्याने या घाटात तेवढं बारीक मोजता येत नाही, आणि तोंडी परीक्षेत कुणी 38.35 का नाही लिहिलं म्हणून विचारलंच तर बटणाची रेघ काढून दाखवा.